सिस्टिक फायब्रोसिस: मूल बरं असताना रोज दोनदा छाती साफ करायलाच हवी का?

ओवीची_आई

नमस्कार. चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी सात वर्षांची. चार वर्षांची असताना सिस्टिक फायब्रोसिस निघालं. त्याआधी दीड वर्ष बालदमा, मग ॲलर्जी, मग 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' म्हणून सहा महिने टीबीची औषधं, असा सगळा प्रवास झाला. शेवटी एका डॉक्टरांनी घामाची तपासणी करायला सांगितली. क्लोराइड ९४ आलं. साठच्या वर गेलं की हाच आजार धरतात. माझी आई तान्हेपणापासून म्हणायची, हिचा पापा घेतला की ओठ खारट होतात. आम्ही हसायचो.

आता रोज पहाटे पाच वाजता उठून नेब्युलायझर, छातीची फिजिओ, पचनाच्या कॅप्सूल, नाश्ता, सातला शाळेची रिक्षा. संध्याकाळी परत तेच. मुलगी हसतीखेळती आहे, वजन ठीक आहे, खोकला नाहीच म्हटलं तरी चालेल. सासूबाई म्हणतात, "लेकरू धडधाकट आहे, कशाला रोज छळता?" नवरा म्हणतो, आजाराच्या मुळावर काम करणारं ते नवीन मॉड्युलेटर औषध मिळालं की हे सगळं सुटणारच आहे, तोवर एक वेळ कमी केली तर काय बिघडणार आहे?

तर माझे दोन प्रश्न. बरी असताना एकदाच केलं तर चालेल का? आणि मॉड्युलेटर घेणाऱ्यांची फिजिओ खरंच सुटते का? डॉक्टर "चालू ठेवा" म्हणतात, पण पाच मिनिटांच्या ओपीडीत 'का' विचारायला वेळ मिळत नाही.

झणझणीत_मिसळ

पाचला उठून नेब आणि सातला रिक्षा. दंडवत घ्या. माहिती शून्य, पण वाचतोय.

मंदाकाकू

अगं घाबरू नकोस. माझ्या वहिनीलाही सिस्ट होती, दुर्बिणीतून काढली, तिसऱ्या दिवशी घरी. हल्ली सगळं सोपं झालंय.

ओवीची_आई

काकू, ती सिस्ट वेगळी. हा जन्मजात आजार आहे, फुप्फुसात आणि स्वादुपिंडात घट्ट स्राव साठतो. पण धीर दिलात, थँक्यू :)

आप्पा_मिरजकर

आमच्या पुतण्याच्या मुलाला हाच आजार होता. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याला मांडीवर पालथा घालून, डोकं खाली, पाय वर, असं धरायचे आणि पाठीवर हाताची ओंजळ करून थापायचे. अर्धा तास. कफ आपोआप घरंगळून बाहेर येतो. शिवाय दूध, तूप, केळं पूर्ण बंद करा, त्यानेच कफ होतो. एवढं केलंत तर मशीनची गरज नाही.

छातीठोक

आप्पा, नमस्कार. मी मुलांची छातीची फिजिओथेरपी करते (नाव म्हणूनच असं घेतलंय, हलके घ्या). तुम्ही सांगितलेली पद्धत त्या काळासाठी बरोबर आहे, सगळीकडे तसंच शिकवायचे. पण डोकं खाली करण्याची पद्धत लहान बाळांत सोडून दिली. उलटं धरलं की जठरातलं वर येतं, ते श्वासनलिकेत जातं आणि फायद्याऐवजी तोटा होतो. ओंजळीने थापणं अजून करतात, पण आडवं किंवा कुशीवर ठेवून.

दूध-तुपाचं मात्र कृपा करून कुणी ऐकू नका. या मुलांना इतरांपेक्षा जास्त उष्मांक लागतात आणि चरबी पचवायला एन्झाइमच्या कॅप्सूल देतात त्या त्यासाठीच. तूप बंद केलेलं मूल वाळतं, आणि वाळलेल्या मुलाची फुप्फुसं आणखी लवकर खालावतात.

आता ओवीच्या आईचा प्रश्न. खोकला नाही म्हणजे कफ नाही, असं या आजारात धरता येत नाही. गुळाचा पाक आठवा. पाणी पुरेसं असेल तर तो वाहतो, आटला की तार धरतो, आणखी आटला की भांड्याला चिकटून बसतो. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला पाण्याचा पातळ थर असतो, त्यात बारीक केस हलत असतात आणि वरची धूळ-जंतू चिकटलेली साय घशाकडे ढकलत राहतात. या मुलांच्या पेशींतला क्लोराइडचा दरवाजा बिघडलेला असतो, त्यामुळे तो पाण्याचा थर आटतो, केस पाकात रुतल्यासारखे आडवे पडतात, आणि साय जागच्या जागी राहते. हे चोवीस तास चालू आहे, मूल हसतखेळत असतानाही. सुरुवात सर्वात बारीक नळ्यांत होते आणि त्या नळ्यांत खोकल्याची जाणीवच फारशी होत नाही.

साचलेल्या जागी जंतू घर करतात. जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी येतात, मरतात, आणि त्यांच्या आतल्या डीएनएचे लांब धागे त्या कफात मिसळून तो आणखी चिकट होतो. म्हणजे संसर्गामुळे कफ आणि कफामुळे संसर्ग. रोजची फिजिओ हे चक्र जिथे हाताने अडवता येतं तिथे अडवते. सकाळी काढलेला कफ रात्रीपर्यंत पुन्हा जमलेला असतो, म्हणून दोनदा.

एक विचारू? तुम्ही सकाळी नक्की कोणत्या क्रमाने काय करता ते जसंच्या तसं लिहा. आणि शेवटच्या दोन स्पायरोमेट्रीचे आकडे.

ओवीची_आई

सकाळी आधी टोब्रामायसिन या अँटिबायोटिकचं नेब (एक महिना चालू, एक महिना बंद, गेल्या वर्षी कल्चरमध्ये स्यूडोमोनास जंतू आला होता). तेच सगळ्यात महत्त्वाचं म्हणून आधी, म्हणजे घाईत राहून जात नाही. मग सलाईन ३ टक्के, ४ मिली. मग थोपटणं दहा मिनिटं, मग ती जोरजोरात खोकते. रात्री तेच, शिवाय डॉर्नेज.

नेबचा कप नळाखाली धुऊन स्टँडवर उपडा ठेवते.

एफईव्ही१, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, गेल्या मार्चमध्ये ९२ टक्के, डिसेंबरमध्ये ८१. डॉक्टर म्हणाले मुलं नीट फुंकत नाहीत, पुढच्या वेळी बघू.

छातीठोक

तुम्ही मनापासून करताय हे दिसतंय, पण क्रम उलटा आहे. अँटिबायोटिक सगळ्यात शेवटी. आधी दिलं तर ते कफाच्या थरावर पडतं आणि दहा मिनिटांनी तुम्ही तो कफच बाहेर काढून टाकता. महागडं औषध बेसिनमध्ये. भिंत आधी खरवडायची, मग रंग द्यायचा.

मी शिकवते ते असं. आधी साल्ब्युटामॉलचे दोन पफ स्पेसरमधून, कारण खारं पाणी काही मुलांच्या नळ्या आवळतं. (म्हणून पहिला डोस नेहमी दवाखान्यात, आधी आणि नंतर फुंकून बघून.) दहा मिनिटांनी सलाईन. ते मिठाच्या जोरावर पेशींतून पाणी ओढून पाक पातळ करतं. ते संपलं की लगेच फिजिओ, कारण पातळपणा फार वेळ टिकत नाही. तासाभराने केलात तर सलाईन वाया.

आणि नुसतं जोरजोरात खोकू देऊ नका. जोराच्या खोकल्याने बारीक नळ्या दाबून मिटतात आणि कफ मागेच राहतो. सात वर्षांच्या मुलीला बाटली शिकवा. साधी प्लास्टिकची बाटली, तळापासून दहा-बारा सेंटीमीटर पाणी, त्यात नळी बुडवायची, नाकाने श्वास घ्यायचा, क्षणभर थांबायचं, आणि नळीतून सावकाश बुडबुडे काढायचे. पाण्याच्या दाबामुळे नळ्या उघड्या राहतात आणि हवा कफाच्या मागे शिरते. भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला की फेस वर येतो, पोरं खूष. असे दहा-बारा श्वास झाले की दोन-तीन 'हाऽऽ'. चष्म्याची काच पुसायच्या आधी वाफ सोडतो ना, तसं तोंड उघडं ठेवून, पण पोटातून. पहिला 'हाऽऽ' मध्यम श्वासाने आणि लांब, तो खालचा कफ वर आणतो. घशाशी खरखर ऐकू आली की मोठा श्वास घेऊन आखूड 'हाऽऽ', मग एकदा खोकून थुंकायचं. हा सगळा एक फेरा. असे पाच-सहा. लहान मुलं गिळतात, गिळू द्या, बिघडत नाही.

फेऱ्याच्या शेवटी 'हाऽऽ' कोरडा आला, खरखर नाही, तर काम झालं. खरखर असेल तर अजून एक फेरा. घड्याळाकडे नाही, आवाजाकडे लक्ष.

डॉर्नेज त्या डीएनएच्या धाग्यांचे तुकडे करतं. ते फिजिओच्या आधी की नंतर यावर बराच खल झाला, अभ्यासांत फारसा फरक दिसला नाही, म्हणून तुमच्या घराला सोयीची वेळ घ्या. दुसऱ्या औषधात मिसळू मात्र नका आणि फ्रीजबाहेर विसरू नका.

आता नळाचं पाणी. स्यूडोमोनास ओल्या जागेत राहणारा जंतू आहे: सिंक, नळाचं तोंड, ओला स्पंज. साबणाने धुतल्यावर कप आणि मास्क पाच मिनिटं उकळा (कंपनीच्या कागदावर उकळणं चालतं का ते बघून), मग पुन्हा नळाखाली न धरता स्वच्छ फडक्यावर पूर्ण वाळू द्या. बुडबुड्यांच्या बाटलीचं पाणी प्रत्येक वेळी ओतून टाका. त्यातूनच स्यूडोमोनास आला असं मी म्हणत नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही.

आणि ९२ वरून ८१ हे 'नीट फुंकलं नाही' म्हणून सोडू नका. एकदा पुन्हा करून घ्या. तोच आकडा आला तर मुलगी 'बरी' नाही, तिला फक्त जाणवत नाहीये.

ओवीची_आई

मी आत्ता बेसिनपाशी उभी राहून वाचतेय आणि हातात ओला कप आहे. इतके दिवस उलटं करत होते. कुणी सांगितलंच नाही.

सातारी_कंदी

ओवीची आई, स्वतःला दोष देऊ नका. आमच्याकडे तर फार्मासिस्टने "सगळं एकाच कपात ओता, वेळ वाचेल" म्हणून सांगितलं होतं.

खारा_वारा

मी २६ वर्षांचा आहे आणि मला स्वतःला हे आहे. नवव्या वर्षी निघालं, तोवर दोनदा टीबीचा कोर्स पूर्ण झाला होता. दोन्ही वेळा थुंकीत जंतू कधीच सापडला नव्हता, एक्स-रेवर डाग म्हणून औषध सुरू.

सासूबाईंच्या मुद्द्याला माझं उत्तर. इंजिनीअरिंगला होस्टेलवर गेलो तेव्हा मला काहीच होत नव्हतं. एफईव्ही१ ७८. रूममेटसमोर नेब लावायची लाज वाटायची, म्हणून एक वेळ केली, मग आठवड्यातून तीनदा, मग परीक्षेच्या काळात बंद. पहिले चार महिने खरंच काही झालं नाही, आणि त्यामुळेच मी फसलो. पहिली खूण खोकला नव्हतीच. हसलो की ढास लागायची. मित्रांनी विनोद सांगायचं बंद केलं. मग तिसऱ्या मजल्यावर जाताना थांबायला लागलं, मग तीन किलो वजन गेलं, मग हिरवा बेडका. दोन आठवडे शिरेतून दोन-दोन अँटिबायोटिक. बाहेर आलो तेव्हा एफईव्ही१ ६४. पुढच्या सहा महिन्यांत जीव तोडून ६९ पर्यंत आणला. ७८ परत कधीच दिसला नाही.

डॉक्टर म्हणाले, असा मोठा झटका आला की चारातल्या साधारण एकाची फुप्फुसं उपचार करूनही आधीच्या पातळीला येत नाहीत. तो एक मी.

झणझणीत_मिसळ

"हसलो की ढास." हे डोक्यात राहील.

थेम्सकाठची

मी लंडनजवळ राहते. मूळची नाशिकची. माझा मुलगा १५ वर्षांचा. इथे जन्मल्यावर पाचव्या दिवशी टाचेतून रक्त घेतात, त्यातच निघालं, त्यामुळे टीबीचा फेरा चुकला.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तो चार वर्षांपासून काफ्ट्रिओ हे मॉड्युलेटर घेतोय, अमेरिकेत ज्याला ट्रायकाफ्टा म्हणतात तेच. तीन औषधं एकत्र: एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर, आयव्हाकाफ्टर. पहिली गोळी सकाळी तुपाच्या पराठ्याबरोबर दिली (चरबीबरोबरच घ्यायची असते). दुपारी शाळेतून फोन, "तो खूप खोकतोय, पण म्हणतोय मी ठीक आहे." घरी आल्यावर तीन तास नुसता कफ. मी घाबरले, नर्स फोनवर हसून म्हणाली, "हे व्हायलाच हवं." वर्षानुवर्षं चिकटलेलं सुटत होतं. दुसऱ्या आठवड्यात मी रात्री त्याच्या खोलीत जाऊन श्वास चालू आहे ना बघितलं, कारण खोकल्याचा आवाजच नव्हता आणि मला त्या शांततेची सवय नव्हती.

घामाचं क्लोराइड १०१ वरून ४८ झालं. एफईव्ही१ ८३ वरून ९६.

सगळं गोड नाही. पहिले दोन महिने झोप उडाली, चिडचिड वाढली. यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात.

मुलुंडचा_मनोज

मग उत्तर मिळालंच की. हे औषध जनुकातला दोषच दुरुस्त करतं, म्हणजे आजार मुळापासून गेला. मग फिजिओ कशाला? मी वाचलंय, अमेरिकेत लोकांनी नेब बंद केलीत.

थेम्सकाठची

मनोज, जनुक तसंच राहतं. दोन औषधं चुकीची घडी पडलेल्या प्रथिनाला सरळ करून पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचवतात, तिसरं तिथे दरवाजा उघडा धरतं. गोळी थांबली की काही दिवसांत सगळं पूर्वपदावर. आमची एकदा सुट्टीत चार दिवसांची गोळी विसरली, घाम पुन्हा खारट झाला. मीच चाखला :)

छातीठोक

मनोजचं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत सिम्प्लिफाय नावाचा अभ्यास झाला. ट्रायकाफ्टा घेणारी आणि फुप्फुसं चांगली असलेली बारा वर्षांवरची मंडळी घेतली, काहींचं खारं सलाईन किंवा डॉर्नेज सहा आठवडे बंद केलं. चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत एफईव्ही१ मध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण त्यातला 'सहा आठवडे' हा शब्द लोक गाळतात. खारा_वारा काय म्हणाला वर? पहिले चार महिने काहीच झालं नव्हतं. आणि त्या अभ्यासात हात-बाटलीची फिजिओ बंद केलेली नव्हती, फक्त नेबची औषधं.

दुसरं, ज्या नळ्या एकदा फुगून सैल झाल्या त्या गोळीने पुन्हा घट्ट होत नाहीत. त्या खळग्यांत कफ साचतच राहतो. म्हणून सहाव्या वर्षी निरोगी फुप्फुसांवर औषध सुरू झालेलं मूल आणि तिशीत सुरू झालेला माणूस, दोघांना एकच नियम लावता येत नाही.

खारा_वारा

ताई, इथे मी थोडा वेगळा. माझ्या ओळखीचा एक जण (ऑस्ट्रेलियात, गोळीवर) रोज पाच किलोमीटर पळतो, पळून झाल्यावर 'हाऽऽ' करतो आणि म्हणतो हीच माझी फिजिओ. त्याचे आकडे उत्तम आहेत. खारं पाणी सुचलं तेही तिथल्याच समुद्रात सर्फिंग करणाऱ्या रुग्णांवरून, ती मंडळी पाण्यातून आली की बरं वाटतंय म्हणायची. आयुष्यभर बाटलीत बुडबुडे काढायला सांगितलं तर लोक सोडतातच. जे टिकेल ते करू द्या.

छातीठोक

गोळीवर असलेल्या, आकडे चांगले असलेल्या मोठ्या माणसाला मीही अडवणार नाही. गोळी नसलेल्या सात वर्षांच्या मुलीला खेळ बाटलीच्या जोडीला, बाटलीऐवजी नाही. यावर तुझं-माझं जमणार नाही, दिसतंय.

आप्पा_मिरजकर

तुपाबद्दल मी माझे शब्द मागे घेतो. पण हे औषध इथे मिळतं का? किंमत काय?

खारा_वारा

आप्पा, तिथेच सगळं अडतं. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं तेव्हा वर्षाची छापील किंमत तीन लाख डॉलरच्या वर. आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठी देऊन मिळेल असं नाही. अर्जेंटिनात एक स्थानिक कंपनी तेच मिश्रण बनवते आणि जगभरातले पालक तिथून आणायची धडपड करतात. बांगलादेशातल्या एका कंपनीनेही जाहीर केलंय. २०२३ च्या सुरुवातीला भारत, दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि युक्रेन इथल्या रुग्णांनी एकाच सुमारास पेटंटच्या विरोधात अर्ज केले, त्यात आपल्याकडचे कुटुंबही होते.

स्वतःसाठी बाहेरून औषध आणायला केंद्राच्या औषध नियंत्रकांकडे अर्ज करून परवाना मिळतो, तो फॉर्म १२बी. डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पण परवाना मिळाला म्हणून पैसे मिळत नाहीत.

मुलुंडचा_मनोज

मान्य, मी घाईत लिहिलं. पण सरकारी मदत नाही का? दुर्मिळ आजारांचं धोरण आलं होतं ना २०२१ मध्ये?

छातीठोक

आहे. त्यात या आजारासाठी डॉर्नेजचं नाव आहे. ठरवून दिलेल्या केंद्रातूनच अर्ज जातो, मुंबईत केईएम त्यापैकी एक. ओवीच्या आई, डॉर्नेज तुम्ही खिशातून घेताय का? तर आधी तिथे चौकशी करा.

आणि त्याहून आधी एक काम. जनुकाचा रिपोर्ट आहे? ही गोळी प्रत्येकाला लागू पडत नाही. एफ५०८डेल या बदलाची एक तरी प्रत असेल तर पडते, इतरही काही बदलांना पडते. पण ज्या बदलात प्रथिन तयारच होत नाही तिथे घडी सरळ करायला काही नसतंच. युरोपात एफ५०८डेल बहुतेकांत सापडतो, आपल्याकडे त्यामानाने कमी. परदेशी यादीतले तीस-चाळीस बदल तपासणारी स्वस्त चाचणी केली तर आपली मुलं त्यातून निसटतात आणि रिपोर्ट 'काही नाही' येतो. पूर्ण जनुक वाचणारी चाचणी मागा.

थेम्सकाठची

एक राहिलं. भारतातल्यांसाठी महत्त्वाचं. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि ही गोळी एकत्र चालत नाही, रिफॅम्पिसिन तिचा रक्तातला अंश पार खाली आणतं. बुरशीसाठी इट्राकोनाझोल देतात ते उलट वाढवतं, तेव्हा डोस कमी करावा लागतो. कुणी मिळवून सुरू केली आणि मध्येच कुणी 'संशय आहे, टीबीचं सुरू करू' म्हटलं, तर गोळीबद्दल आधी सांगा.

झणझणीत_मिसळ

थोडं अवांतर. चरबीबरोबर गोळी, तुपाला हरकत नाही, उन्हाळ्यात जादा मीठ. म्हणजे डॉक्टरच्या परवानगीने लोणचं, पापड आणि तूप-भात खायला मिळणारा हा एकमेव आजार असावा. दिवा घ्या.

खारा_वारा

घेतला :) खरंच आहे. उन्हाळ्यात क्रिकेट खेळून आलो की टी-शर्टवर मिठाची पांढरी नक्षी. एकदा मेमध्ये मीठ पुरेसं न घेतल्याने चक्कर येऊन पडलो, सोडियम घसरलं होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी हे थट्टेवारी नेऊ नका.

सातारी_कंदी

माझी सूचना. आपण इतके जण आहोत, पुण्यात एखाद्या रविवारी सगळ्या कुटुंबांनी भेटूया का? मुलांना कळेल की आपण एकटे नाही.

छातीठोक

भावना कळते, पण मुलांना एकत्र आणू नका. एकाच्या फुप्फुसातला जंतू दुसऱ्याला लागतो, आणि यातले काही, बर्कहोल्डेरिया विशेषतः, एका शिबिरातून पसरलेले आहेत. ओपीडीतही या आजाराच्या दोन मुलांना शेजारी बसवत नाहीत, निदान दोन मीटर अंतर. पालक भेटा, मुलांना व्हिडिओ कॉलवर भेटवा.

खारा_वारा

हाच या आजाराचा सगळ्यात वाईट विनोद. माझ्यासारख्या दुसऱ्या माणसाला मी आजवर हात मिळवलेला नाही.

मंदाकाकू

अरे बाळा. वहिनीच्या सिस्टचं लिहिलं त्याची लाज वाटतेय. सगळं वाचलं आता.

ओवीची_आई

सात आठवड्यांनी येतेय, क्षमस्व.

क्रम बदलला. उकळणं सुरू केलं. बाटली पहिल्या दिवशी हिट, दहाव्या दिवशी कंटाळा, मग तिच्या बाबांनी दुसरी बाटली करून शर्यत लावली, आता तो घाम गाळतो आणि ती जिंकते. 'हाऽऽ' आरशावर करते आणि वाफेवर बोटाने नाव लिहिते. पहिल्याच आठवड्यात इतका कफ निघाला की मी घाबरून व्हिडिओ डॉक्टरांना पाठवला. 'बरी' असलेल्या मुलीच्या छातीत एवढं होतं. सासूबाईंनी तो व्हिडिओ बघितला, त्यानंतर 'कशाला छळता' आलेलं नाही. आता त्याच फेरे मोजतात, आणि पाचाऐवजी सात करायला लावतात.

स्पायरोमेट्री पुन्हा केली. सुरुवातीला खरंच ८१ च होता, म्हणजे फुंकण्याची चूक नव्हती. कल्चरमध्ये स्यूडोमोनास पुन्हा होता. टोब्रामायसिन डॉक्टरांनी चालूच ठेवलं आणि तोंडातून सिप्रोफ्लॉक्सॅसिन तीन आठवडे दिलं. काल ८७ आला. ९२ नाही. क्रमामुळे वाढला, की गोळ्यांमुळे, की बाटलीमुळे, डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

पूर्ण जनुकाचा रिपोर्ट आला. एक प्रत एफ५०८डेल. दुसरी अशी की त्यात प्रथिन अर्धवटच राहतं. म्हणजे कागदावर गोळी लागू पडते. मी आणि नवरा ते पान घेऊन बराच वेळ बसलो होतो. आनंद मानायचा की काय ते कळेना. फॉर्म १२बी ची माहिती काढतोय. केईएमची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

एक वेळ कमी करायचा विषय घरात संपला. पण एप्रिलमध्ये दिराचं लग्न आहे, कोकणात, तीन दिवस, आणि हॉलवर वीज जाते. नेब कसं करू?

सातारी_कंदी

बॅटरीवर चालणारं लहान मेश नेब मिळतं, आमच्याकडे आहे. चार्ज पूर्ण असेल तर दोन दिवस निघतात. पण खारं सलाईन त्याची जाळी लवकर बुजवतं, प्रत्येक वेळी कंपनीने सांगितलंय तशी धुवावी लागते. टोब्रामायसिन त्यातून चालेल का ते डॉक्टरांना विचारा, आमच्यांनी नाही म्हटलं होतं.

छातीठोक

डॉर्नेजसाठी थर्मास आणि बर्फ, पण थेट बर्फात नको, गोठेल. उकळायला लग्नाच्या आचाऱ्याला पटवा, त्याच्याकडे चोवीस तास आधण असतं. बाटली, नळी आणि साबण जवळच ठेवा, त्यांना वीज लागत नाही. वीज गेलीच तर दोन पफ आणि बाटली, नेब वीज आली की.

झणझणीत_मिसळ

आणि शर्यतीत नवरदेवाला घ्या.